पांढऱ्या ढिगाची कुळकथा

घरोघरच्या बटणांच्या डब्यात आवक फार आणि जावक अगदी थोडी. सदरा विरला, कॉलर फाटली, की त्याचं फडकं होण्याआधी कुणीतरी कात्री घेऊन बसतं, बटणं कापून घेतं आणि डब्यात टाकतं. एका शर्टामागे सात-आठ आत जातात. पुढे कधीतरी कुणाचं बटण तुटलं तर एखादं बाहेर येतं. तीन पिढ्यांनी कपडे जुने केलेल्या घरात हा डबा जड होत जातो आणि त्यात काय काय पडलंय याचा पत्ता कुणालाच नसतो.

आमच्याकडचा डबा बिस्किटांचा आहे, पत्र्याचा, चौकोनी. सुट्टीत आलेल्या सात वर्षांच्या भाचीने तो परातीत पालथा केला आणि आजीकडून रिकामा मिसळणाचा डबा मागून घेतला. त्यातल्या सात वाट्या म्हणजे सात रंग, असा तिचा हिशेब. लहान मुलांना वेगळं काढायला सांगितलं तर बहुतेक रंगापासूनच सुरुवात करतात. काळी, तपकिरी, निळी, लाल, हिरवी वाटीत बसली. पांढऱ्यांची वाटी मात्र भरली, शीग लागली, मग ती ताटात ओतली आणि शेवटी तिने पांढरी उचलायचीच सोडून दिली. परातीत उरली ती पांढरी.

दुसऱ्या फेरीत तिने लहान-मोठी लावली. इथे भांडण झालं, म्हणजे तिचं तिच्याशीच, कारण लहान कुठे संपतं आणि मधलं कुठे सुरू होतं हे ठरेना. तिसऱ्या फेरीत भोकं मोजली आणि तिला फार बरं वाटलं. "भोकांचं बरं असतं गं आत्या, दोन म्हणजे दोनच." पांढरा आहे की पिवळट, यावर वाद होतो, भोकांवर होत नाही. तिन्ही फेऱ्यांनंतर सगळ्यात मोठा ढीग झाला तो पांढऱ्या, करंगळीच्या नखाएवढ्या, चार भोकांच्या बटणांचा. हेच सगळ्यात जास्त का, असं तिने विचारलं. शर्टाची असतात म्हणून, असं उत्तर देऊन मी मोकळी झाले असते. पण शर्टाला तरी पांढरी, एवढीच आणि चार भोकांचीच का? या तिन्हींची कुळं वेगवेगळ्या गावची आहेत.

आपल्याकडच्या जुन्या कपड्यांना बटण नव्हतंच. बाराबंदीचं नावच सांगतं की ती बंदांनी बांधायची. सदऱ्याला गुंड्या आल्या त्या सोन्याचांदीच्या, साखळीत गुंफलेल्या, दोन्हीकडे काजं ठेवून त्यांतून घालायच्या आणि कपडा धुवायला टाकताना काढून ठेवायच्या. यात नुसता थाट नव्हता. कपडा दगडावर आपटून किंवा भट्टीत उकळून धुतला जाणार, तर त्यावर कायमचं शिवलेलं काही असणं हाच धोका. धातू गंजतो आणि कपड्याला डाग पाडतो, लाकूड फुगतं, हाड पिवळं पडतं. युरोपातही अंगालगतच्या पांढऱ्या कपड्यांना हीच अडचण होती. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या बायका त्यासाठी तारेच्या कडीवर सुताचा दोरा विणून बटणं बनवत. सुताचं बटण कपड्याबरोबर उकळतं आणि कपड्यासारखंच पांढरं राहतं. यंत्रावर बनलेली कापडी बटणं आली आणि 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनानंतर हा घरगुती धंदा बघता बघता बसला.

तात्पर्य, शर्टाच्या बटणाला पांढरं, धुण्याला टिकणारं आणि स्वस्त, अशा तिन्ही अटी होत्या. शिंपल्यात पहिल्या दोन मुळातच होत्या. मोहेंजोदडोला शिंपल्याची कोरलेली, भोकं पाडलेली चकती सापडली आहे. बटणाच्या इतिहासात तिचं नाव पहिलं घेतात. ती मिरवायला होती, काजात अडकवायला नव्हे, पण पदार्थ हाच. अडचण स्वस्ताईची होती. समुद्रातला जाड, चमकदार शिंपला दुरून आणावा लागे आणि बर्मिंगहॅम किंवा व्हिएन्नातले कारागीर त्याची बटणं पायटा मारून चालवायच्या चरकावर एकेक करून कातत. ती साहेबाच्या शर्टाला परवडत, गड्याच्या नव्हे.

ही तिसरी अट पुरी झाली ती अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या काठी. जॉन बेपल हा हॅम्बुर्गजवळच्या ओटेन्सनचा बटणकार. शिंग, हाड आणि शिंपले कातण्यात त्याचा हात बसलेला होता. 1887 मध्ये तो अमेरिकेत गेला. गोष्ट अशी सांगतात की इलिनॉयमधल्या एका नदीत उतरला असताना त्याच्या पायाला शिंपला कापला आणि खाली बघतो तर तळ शिंपल्यांनीच भरलेला. गोष्ट खरी असो वा नसो, नद्यांत जाड कवचाचे गोड्या पाण्यातले शिंपले अमाप होते हे खरं. त्यांना कुणी विचारत नव्हतं. 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने बाहेरून येणाऱ्या शिंपली बटणांवर भारी जकात बसली आणि पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, बेपलने आयोवा राज्यातल्या मस्कटीन गावात काम सुरू केलं. पुढे पंधरा वर्षांच्या आत, 1905 साली, या एका गावातून दीड अब्ज बटणं निघाली, जगातल्या एकूण बटणांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, असा आकडा तिथे देतात.

काम कसं चालायचं ते पाहिलं की आपल्या परातीतलं बटण जास्त कळतं. शिंपला नदीच्या तळाशी तोंड किंचित उघडं ठेवून बसतो आणि त्यात काही शिरलं की घट्ट मिटतो. म्हणून लांब दांड्याला दोऱ्यांनी ढिगाने तारेचे आकडे लटकवत आणि नाव प्रवाहाबरोबर सोडून ते तळावरून ओढत नेत. आकडा तोंडात गेला की शिंपला तो चावून धरी आणि आपणहून वर येई. काठावर मोठ्या हंड्यात वाफ देऊन ते उघडत, मांस काढून टाकत आणि रिकामी कवचं कारखान्याला विकत. कवचं आधी काही दिवस पाण्यात भिजत घालायची, कारण कोरडा शिंपला करवतीखाली तडकतो. करवत म्हणजे पोलादी नळी, तिच्या तोंडाला दाते, ती गरगर फिरते आणि कातणारा माणूस चिमट्याने शिंपला तिच्यावर दाबून धरतो. प्रत्येक दाबासरशी एक चकती सुटते. ओल्या भुकटीचा चिखल अंगभर आणि हाताची बोटं कायम दात्यांच्या जवळ.

एका शिंपल्यातून किती चकत्या काढता येतात, यावर सगळा नफा. कवच बशीसारखं वाकलेलं असतं, मध्ये जाड आणि कडेला पातळ. मोठी चकती काढायला जावं तर ती वाकडी निघते आणि सपाट करण्यात अर्धी घासली जाते. छोटी चकती जवळजवळ सपाटच निघते आणि मोठीच्या जागेत दोन-तीन बसतात. करंगळीच्या नखाएवढं बटण शर्टाला शोभतं हे खरंच, पण शिंपल्यालाही तेच परवडत होतं. मस्कटीनच्या नदीकाठी आजही कवचं सापडतात, पूर्ण वर्तुळाची भोकं पडलेली. ती भोकं म्हणजे कुणाच्या तरी शर्टावर गेलेली बटणं.

चकत्या मग घासून सारख्या जाडीच्या करायच्या, समोरच्या बाजूला खळगा कातायचा आणि भोकं पाडायची. सुरुवातीला हे सगळं एकेका बटणाला हातात धरून होई. गावातल्याच बॅरी घराण्याने विसाव्या शतकाच्या आरंभी एक यंत्र काढलं. कामगार बाईने नुसती चकती जागेवर ठेवायची, खळगा आणि भोकं दोन्ही यंत्र करतं. शेवटी पिंपात घालून सौम्य आम्लात घोळवून चमक आणायची. त्यानंतरचं काम आमच्या भाचीने ओळखलं असतं. बायकांच्या रांगा टेबलाशी बसून चमकेप्रमाणे आणि डागांप्रमाणे बटणं वेगळी करत आणि ती कार्डावर शिवायचं काम घरोघर जाई, आईबरोबर मुलंही ते करत. मुलांनी पैशांसाठी बसून बटणं लावणं ही काही जुन्या काळची गोडगोड हकिकत नव्हे, हे इथेच सांगून टाकते.

धंद्याच्या नाशाची कारणं धंद्यातच होती. हा शिंपला वाढायला कित्येक वर्षं लागतात आणि त्याच्या पिल्लांना आधी काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहावं लागतं. नदीचा एक पट्टा खरवडून संपला की तो पुन्हा भरत नाही. सरकारने मस्कटीनजवळ फेअरपोर्टला शिंपल्यांची पैदास करणारं केंद्र काढलं. बेपलही अखेरीस त्याच कामात होता. शिंपले शोधताना पायाला जखम झाली, ती चिघळली आणि 1912 साली तो गेला.

असाच उद्योग आपल्याकडेही उभा राहिला होता. बिहारमध्ये मोतिहारीजवळचं मेहसी हे गाव, बुढी गंडक नदीच्या काठचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भुलावन लाल नावाच्या शिक्षण खात्यातल्या माणसाने नदीतल्या शिंपल्यांची बटणं करायला घेतली. आधी हातावर, मग जपानहून यंत्र मागवून. पुढे गावातली कितीतरी घरं त्यावर जगली. ती बटणं देशभर गेली आणि मेहसीचं असं एखादं आमच्या डब्यात असायला काहीच हरकत नाही. बटणावर गाव लिहिलेलं नसतं, एवढीच अडचण.

इकडे परातीशी बसलेल्या भाचीला मी म्हटलं, पांढऱ्यांचे आता पुन्हा भाग कर, पण डोळे मिटून. तिला ते आवडलं. बटण गालाला लावायचं. प्लॅस्टिकचं असेल तर ते लगेच गालाइतकं कोमट होतं, शिंपल्याचं क्षणभर गार लागतं. बघता बघता दोन ढीग झाले आणि गारांचा ढीग मला वाटलं होतं त्याहून मोठा निघाला. मग डोळे उघडून गार ढिगातली उलटी करायची. शिंपल्याचं बटण पाठीमागून प्रामाणिक असतं. तिथे कवचाच्या बाहेरच्या सालीचा तपकिरी डाग राहतो, वाढीच्या रेघा दिसतात आणि जाडी एका बाजूला किंचित कमी असते. तिरकं धरलं की चमक बटणात खोलवर हलते.

गार ढिगात तीन-चार मात्र अशी होती की गार पण चमक हलत नव्हती. दुधाळ, काचेसारखी गुळगुळीत आणि पाठीवर बारीक खड्डे, संत्र्याच्या सालीसारखे. ही चिनी मातीची. 1840 मध्ये रिचर्ड प्रॉसर याने इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं ते असं: माती ओली मळायची नाही, जवळजवळ कोरडी भुकटी साच्यात जोराने दाबायची आणि भाजायची. ओली माती भाजताना आकसते आणि वाकते, कोरडी फार कमी. पुढे फ्रान्समध्ये ब्रिआर गावच्या बाप्तरोस याने त्या भुकटीत दूध मिसळलं, त्यामुळे ती एकजीव झाली आणि यंत्राच्या एका दाबात शेकडो बटणं पडू लागली. ती इतकी स्वस्त पडली की इंग्रजांना आपलं काम बंद करावं लागलं. ही बटणं उकळा, आपटा, रंग जात नाही. फक्त फरशीवर पडलं तर फुटतं.

दुधाचा दुसरा अवतार आमच्या कोमट ढिगात होता, मोठी, जाड, लोण्याच्या रंगाची बटणं, बहुधा कुणाच्या तरी स्वेटरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅनोव्हरच्या एका छापखानेवाल्याला शाळांसाठी पुसता येईल अशी पांढरी पाटी हवी होती. विल्हेल्म क्रिशे त्याचं नाव. अ‍ॅडॉल्फ स्पिटेलर या रसायनवाल्याबरोबर तो केसीनच्या नादी लागला. केसीन म्हणजे दूध फाडल्यावर खाली बसणारा चोथा. तो वाळवून, दळून, दाबून त्याच्या कांड्या केल्या आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवल्या तर त्या शिंगासारख्या टणक होतात. जाड कांडीला मुरायला महिने लागतात. पाटीचं राहिलं बाजूला, या पदार्थाचं बटण मात्र फार सुरेख झालं, कारण केसीन कुठलाही रंग झटकन पितं आणि घासलं की मऊ चकाकतं. वाईट एवढंच की ते पाणीही पितं. वारंवार धुतलं की फुगतं, वाळताना आकसतं आणि पृष्ठभागावर केसांसारख्या चिरा पडतात. आमच्या लोणीरंगी बटणांवर त्या होत्या. म्हणून ते स्वेटर-कोटावर राहिलं, शर्टावर शिंपल्याची जागा त्याला घेता आली नाही.

जुनी माणसं केसीन ओळखायला तापलेली सुई टोचून बघतात, करपलेल्या दुधाचा वास येतो. मुलांसमोर हा प्रयोग करू नये आणि अनोळखी जुन्या बटणावर तर मुळीच नको. त्यात एखादं सेल्युलॉइडचं निघालं तर ते भस्सकन पेटतं. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून नाकाशी धरलं तरी पुरतं.

आणि उरलेला सगळा कोमट ढीग पॉलिएस्टरचा. शिंपल्याला हटवलं ते शेवटी यानेच, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत. पातळ राळेत कडक करणारं द्रव्य आणि मोतिया चमकीची भुकटी घालतात आणि ते आडव्या, वेगाने फिरणाऱ्या पिंपात ओततात. फिरण्याच्या जोराने राळ पिंपाच्या आतल्या भिंतीवर सारख्या जाडीने पसरते आणि चमकीचे बारीक पापुद्रे भिंतीला समांतर आडवे होतात. शिंपल्यात चुन्याचे अतिपातळ थर एकावर एक असतात आणि त्यातून चमक येते, तिचीच ही नक्कल. राळ निम्मी घट्ट झाली, म्हणजे चामड्यासारखी वाकती असताना पत्रा सोडवून घ्यायचा, त्यातून चकत्या छापायच्या, मग त्या पूर्ण कडक होऊ द्यायच्या आणि कातून भोकं पाडायची. कवच वाकलेलं होतं, पत्रा सपाट, त्यामुळे आता कुठल्याही मापाचं बटण तितक्याच सोयीने निघू शकत होतं. तरीही शर्टाचं माप शिंपल्याच्या वेळचंच राहिलं.

गंमत म्हणजे पिंपात आधी पांढरी आणि तिच्यावर तपकिरी राळ ओतून पाठीवर खोटा डागही करतात, कवचाची साल राहिल्यासारखा. आमच्याकडे अशी काही निघाली. भाचीने ती डाग बघून शिंपल्यात टाकली होती, गालाला लावल्यावर परत घेतली. सगळ्यांवरचा डाग तंतोतंत सारखा होता, हेही तिच्याच लक्षात आलं.

आता माप. शिंप्याच्या दुकानी किंवा बटणांच्या होलसेल बाजारात बटणाचं माप लाईनीत सांगतात. मूळ फ्रेंच माप, पण बटणवाल्यांनी आपलं वेगळं ठरवून घेतलेलं: 40 लाईन म्हणजे एक इंच. शर्टाचं पुढचं बटण सहसा 18 लाईन, कॉलरच्या टोकाचं 14, कोटाच्या बाहीचं 24. 16 आणि 18 यांच्यात फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. डोळ्याला दिसत नाही आणि भाचीचं भांडण इथेच झालं होतं. तिला मी पट्टी दिली आणि एकेक मोजू नकोस, दहा-दहा एका ओळीत कडेला कड लावून ठेव म्हटलं. पहिली ओळ साडेचार इंचांना संपली, दुसरी चार इंचांना. एक बटण 18 लाईन तर दहा 180 आणि 180 भागिले 40 म्हणजे साडेचार. दहा बटणांत लपलेला फरक पूर्ण अर्धा इंच होऊन बाहेर आला. एक ओळ मात्र अधलंमधलंच माप दाखवू लागली. तीत दोन परकी निघाली, ती काढली आणि ओळ जागेवर आली.

हा सव्वा मिलिमीटर काजाला कळतो. 18 च्या काजात 16 चं बटण घातलं तर बसतं, दिसतंही बरं, पण वाकलं की आपोआप सुटतं. शर्ट पोटावर उघडतो त्याला दर वेळी पोटच जबाबदार नसतं. उलटं केलं, 16 च्या काजात 18 रेटलं, तर काजाची कड उसवते.

भोकांची कथा थोडकी आहे. दोन भोकांचं बटण शिवायला सोपं आणि पातळ, लहान बटणाला बरं, पण सगळा ताण मधल्या एका अरुंद पुलावर येतो. चार भोकांत ताण दोन जोड्यांत वाटला जातो आणि दोन्ही जोड्या वेगवेगळ्या दोऱ्याने शिवल्या तर एक तुटली तरी दुसरी बटण धरून ठेवते. हातशिलाईत याला अर्थ आहे. यंत्रावर मात्र बऱ्याचदा दोन्ही जोड्या एकाच दोऱ्याच्या साखळीटाक्यात शिवतात. त्याचं टोक सुटलं की स्वेटर उसवावा तशी सगळी शिवण सुटते. काज-बटण करून देणाऱ्याकडून आणलेल्या नव्या शर्टाचं बटण पहिल्याच धुण्यात हातात येतं ते यामुळे. नवा शर्ट घालण्याआधी बटणामागचं दोऱ्याचं टोक बघावं, लोंबत असेल तर ओढू नये, सुईने दोन टाके घालून पक्कं करावं.

आमच्या चिनी मातीच्या बटणांत एक तीन भोकांचं होतं. भाचीच्या पद्धतीत त्याला वाटी नव्हती आणि कारखान्याच्या पद्धतीतही नाही. तीन भोकं वाईट नसतात. त्रिकोणात ताण छान वाटला जातो आणि जुन्या मातीच्या, हाडाच्या बटणांत ती सापडतात. पण बटण शिवणारं यंत्र सुई डावी-उजवी हलवून एक जोडी शिवतं, मग बटण पुढे सरकवून दुसरी. जोडी हवीच. तिसरं भोक एकटं पडतं. हाताने शिवायच्या काळात ते खपून गेलं, यंत्रापुढे टिकलं नाही.

एवढ्यात आई भावाचा शर्ट घेऊन आली, पुढचं एक बटण गेलेलं. भाचीने मोठ्या दिमाखात विचारलं, "किती लाईनचं हवं, आजी?" आईने काज बोटाने ताणून बघितलं आणि शर्टावरच्या दुसऱ्या बटणाकडे बोट दाखवलं. भाचीने दोन्ही ओळींशी जुळवून 18 चं, चार भोकांचं, पाठीवर खऱ्या डागाचं शिंपल्याचं बटण काढून दिलं, सगळ्या डब्यातलं चांगलं म्हणून.

"ते नको," आई म्हणाली. "मशिनात गरम पाणी आणि ती पावडर. चार धुण्यांत खडूसारखं होईल आणि कडा उडतील. ते प्लॅस्टिकचं दे."

मग बटणाखाली आगकाडी धरून तिने दोन्ही जोड्या वेगवेगळ्या दोऱ्याने शिवल्या, काडी काढून मोकळ्या दोऱ्याला चार वेढे घेतले आणि गाठ मारली.